आजोबांचं वय आणि कागदाचं वय

नगरमधल्या एका ख्रिस्ती घरात पिढ्यान्‌पिढ्या जपलेला एक अल्बम माझ्या मैत्रिणीच्या वाट्याला आला. चामड्याची बांधणी, पितळी कडी, आणि आत जाड पुठ्ठ्याची पानं. प्रत्येक पानाला चौकट कापलेली, तिच्यात खालच्या फटीतून फोटो सरकवायचा. पहिल्या फोटोखाली शाईने लिहिलंय, ‘आजोबा, १८५७’. त्याच आजोबांची एक मोठी तसबीर बैठकीच्या खोलीत टांगलेली आहे. मैत्रिणीचे मामा ठामपणे सांगतात की मूळ फोटो भिंतीवरचा, आणि अल्बममधला नंतर त्यावरून काढून घेतलेला. मोठं ते मूळ आणि लहान ती नक्कल, असं कुणालाही वाटेल. एकोणिसाव्या शतकातल्या फोटोंच्या बाबतीत मात्र बहुतेकदा उलटं असतं.

याचं कारण छापण्याच्या पद्धतीत आहे. तेव्हा काचेच्या निगेटिव्हवर कागद दाबून बसवायचे आणि लाकडी चौकट उन्हात ठेवायचे. निगेटिव्ह जेवढी, तेवढाच फोटो. मोठा फोटो हवा असेल तर कॅमेरा मोठा, काच मोठी, खर्चही मोठा. लहान निगेटिव्हवरून दिव्याच्या उजेडात वाटेल तेवढा मोठा फोटो छापणं सोपं झालं ते ब्रोमाइडचा कागद आल्यावर, म्हणजे शतकाच्या अगदी शेवटी. म्हणून भिंतीवरच्या भल्यामोठ्या तसबिरीकडे मी आधी संशयाने बघते.

मामांसमोरच आम्ही अल्बम उघडला. हत्यारं फार लागत नाहीत. सराफ वापरतात तसं दहापट मोठं दाखवणारं भिंग चालतं, तीसपट असेल तर उत्तम. एक टॉर्च, तीही वरून नाही तर बाजूने, फोटोला जवळजवळ समांतर धरायची, म्हणजे पृष्ठभागावरची चमक, भेगा आणि उंचवटे दिसतात. आणि एक लहान लोहचुंबक, त्याचं काम पुढे येईल. चेहरा कुणाचा हा प्रश्न थोडा वेळ बाजूला ठेवायचा. हा फोटो कशाचा बनलाय, एवढंच आधी बघायचं.

पहिला फोटो व्हिजिटिंग कार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर चिकटवलेला आहे. हा आकार पॅरिसच्या दिस्देरी या फोटोग्राफरने १८५४ मध्ये पेटंट केला. एकाच काचेवर अनेक लहान फोटो घ्यायचे, कापायचे आणि कार्डांवर चिकटवायचे, म्हणजे डझनभर प्रती स्वस्तात पडतात. साधारण अडीच इंच बाय चार इंच. जगभर याची साथ पसरली ती १८६० नंतर, आणि नगरच्या घरातला तो चौकटींचा अल्बमसुद्धा अशी कार्डं ठेवायलाच बनवलेला आहे. आजोबा खुर्चीवर बसलेले, मांडीवर पुस्तक, खांद्यावर उपरणं, डोक्यावर काळपट पागोटं. रंग जांभळट तपकिरी, उजळ भाग पिवळसर.

भिंगातून बघितलं आणि पहिल्याच मिनिटाला बरंच कळलं. वरती पातळ चकचकीत थर, आणि त्या थराच्या खाली कागदाचे तंतू स्वच्छ दिसत होते, जसा उथळ पाण्याचा तळ दिसावा. हा अल्ब्युमेन प्रिंट. फोटो बसलेला असतो तो अंड्याच्या पांढऱ्या बलकात. फ्रान्सच्या ब्लांकार-एव्हरार याने १८५० मध्ये ही पद्धत मांडली. बलकात मीठ किंवा नवसागर घालून तो फेटायचा, निवळू द्यायचा, त्यावर पातळ कागद तरंगवून वाळवायचा. वापरायच्या वेळी हा कागद सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणावर तरंगवला की मिठातलं क्लोराइड आणि चांदी मिळून प्रकाशाला संवेदनशील क्षार तयार होतो. मग निगेटिव्हखाली उन्हात. चित्र डोळ्यांदेखत उमटतं, डेव्हलपर लागत नाही. नंतर सोन्याच्या क्षारात बुडवून रंग जांभळट करायचा, हायपोत पक्कं करायचं आणि धुवायचं. एवढ्या अंड्यांची गरज कुठून भागत असे? जर्मनीतल्या ड्रेस्डेनमध्ये असा कागद बनवणारे मोठे कारखाने होते, आणि त्यातल्या सर्वांत मोठ्या कारखान्याने १८८८ मध्ये साठ लाखांवर अंडी वापरल्याचा हिशेब आहे.

हा कागद इतका पातळ असतो की मोकळा ठेवला तर सुरळी होतो. म्हणून अल्ब्युमेन प्रिंट जवळजवळ नेहमी पुठ्ठ्यावर चिकटवलेला सापडतो. बाजूने टॉर्च धरली की पृष्ठभागावर बारीक भेगांचं जाळंही दिसतं. कागद ओलाव्याने फुगतो-आक्रसतो, वरचा थर तेवढा हलत नाही, मग तो तडकतो. कोकणात किंवा मुंबईत ज्यांचे अल्बम पावसाळे काढतात, त्यांना ही जाळी शोधावी लागणार नाही.

सर्वांत बोलकी खूण मात्र उपरण्यात होती. चेहरा, दाढी, पुस्तकाची कड, सगळं शाबूत, पण पांढऱ्या उपरण्याच्या घड्या जवळजवळ नाहीशा झालेल्या. अल्ब्युमेन प्रिंट विटतो तो आधी उजळ भागात. तिथे चांदीचे कण थोडे आणि अतिसूक्ष्म असतात, हवेतला गंधक आणि दमट हवा त्यांना आधी खाते. शिवाय बलकातल्या प्रथिनांशी जोडली गेलेली थोडी चांदी हायपोत निघतच नाही, ती पुढे पिवळी पडते, आणि प्रथिनंही वयाबरोबर पिवळी होतात. त्यामुळे पांढरं धोतर, उपरणं, लुगड्याचा फिका पदर या जागी पिवळं सपाट पटांगण उरतं. जुना तपकिरी फोटो बघून ‘सेपिया’ म्हणून आपण मोकळे होतो. अल्ब्युमेनच्या बाबतीत त्या रंगाचा बराचसा भाग नंतर आलेला असतो. फोटो घरी आला त्या दिवशी तो जांभळट होता आणि उपरणं पांढरं होतं.

पागोट्याबद्दलही एक सांगायला हवं. त्या काळच्या काचेला निळा प्रकाश दिसायचा, लाल जवळजवळ दिसतच नसे. म्हणून लाल पागोटं फोटोत काळं येतं, कुंकू काळं येतं आणि निळं लुगडं फिकं येतं. आजोबांचं पागोटं काळं होतं असं लिहून ठेवण्याआधी थांबलेलं बरं.

आता तारीख. अल्ब्युमेन प्रिंटचा काळ मोठा आहे, १८५५ पासून जवळजवळ १८९५ पर्यंत, आणि तुरळक त्यानंतरही. नुसत्या पद्धतीवरून एवढंच सांगता येतं. काळ आवळायला पुठ्ठा मदत करतो. हा पुठ्ठा पातळ होता, कोपरे काटकोनात कापलेले, मागे फोटोग्राफरचं नाव साध्या दोन ओळींत. ही १८६० च्या दशकाची ठेवण. १८७० नंतर कोपरे गोलाकार होऊ लागतात, पुठ्ठा जाड होतो, आणि मागची बाजू पदकं, वेलबुट्टी, राजचिन्हं यांनी भरत जाते. १८८० च्या दशकात सोनेरी कडा आणि गडद रंगांचे पुठ्ठे येतात. स्टुडिओ जुना माल संपेपर्यंत वापरत, म्हणून पाच-सात वर्षांची सूट द्यावीच लागते. पण कार्डाच्या आकाराची साथच १८६० नंतरची, तेव्हा ‘१८५७’ हे टिकत नाही. मुंबईत फोटोग्राफी तेव्हा नव्हती असं मुळीच नाही. बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी लाड तिचे सभासद होते, आणि एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग १८५५ मध्ये निघाला होता. या वर्गात शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत स्वतःचा स्टुडिओ चालवला. फक्त नगरच्या या फोटोचा पुठ्ठा त्या वर्षांचा नाही.

“मग १८५७ आलं कुठून?” मामांनी विचारलं. मैत्रिणीने उत्तर शोधलं. आजोबांच्या बाप्तिस्म्याचं वर्ष घरच्या बायबलमध्ये नोंदलेलं होतं, १८५७. लिहिणाऱ्याने बहुधा माणसाच्या आयुष्यातली माहीत असलेली तारीख फोटोला लावली. फोटोखाली लिहिलेलं वर्ष वाचताना ते कुणी, कधी आणि कशावरून लिहिलं, हे विचारायचं ते यासाठी.

मग भिंतीवरची तसबीर खाली उतरवली. काच न काढता आणि भिंग न लावताही बरंच दिसत होतं. रंग तपकिरी नाही, राखाडी-काळा. टॉर्च तिरकी धरल्यावर गडद भागांच्या कडांवर निळसर, पाऱ्यासारखी झाक आली. ही झाक जिलेटिनच्या फोटोत चांदी पृष्ठभागाकडे सरकल्याने येते, अल्ब्युमेनवर ती सहसा सापडत नाही. डोळ्यांच्या बाहुल्या, भुवया आणि मिशीवर ब्रशाचे फटके होते. पुस्तकाची पानं अल्बममधल्या फोटोत मोजता येतील अशी आहेत, इथे नुसता पांढरा ठोकळा. आणि उपरण्याच्या घड्या? त्या होत्या, पण सरळ, एकसारख्या, चितारलेल्या. म्हणजे मोठी तसबीर बनवताना मूळ फोटोतल्या घड्या आधीच विटलेल्या होत्या, आणि रिटचिंग करणाऱ्याने त्या आपल्या मनाने काढल्या.

हे ब्रोमाइड एन्लार्जमेंट. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत आपल्याकडे घरोघर हे काम झालं. वडील माणूस गेलं की अल्बममधलं किंवा ग्रुपमधलं चित्र स्टुडिओत द्यायचं, तो त्याचा पुन्हा फोटो काढून मोठा करून द्यायचा आणि ब्रशाने सजवायचा. त्यामुळे एकाच तसबिरीला दोन वयं असतात. चेहरा १८६० च्या दशकातला, कागद १९१०-२० च्या आसपासचा. अशा वेळी पद्धत ओळखून आपण तारीख लावतो ती कागदाची. माणसाची तारीख त्याच्या कपड्यांवरून, वयावरून आणि मूळ प्रत सापडली तर तिच्यावरून लागते.

मामांना हे फारसं रुचलं नाही. “म्हणजे मी साठ वर्षं हार घालतोय तो नकलेला?” असं म्हणाले, आणि हसले.

अल्बमच्या मागच्या पानांत खरं आश्चर्य होतं. टपालाच्या तिकिटाहून जरा मोठे दोन गडद तुकडे, कागदाच्या चौकटीत बसवलेले. एकात दाढीवाला गोरा माणूस, दुसऱ्यात नऊ-दहा वर्षांची मुलगी, गालांवर गुलाबी रंगाचे ठिपके. एकाचा कोपरा गंजलेला. लोहचुंबक कागदाच्या आडून मागच्या बाजूला नेल्यावर तुकडा अलगद ओढला गेला. चुंबक फोटोवर घासायचा नाही, नुसता जवळ न्यायचा. हे टिनटाइप. नाव टिनाचं, पण पत्रा लोखंडाचा. त्यावर काळं किंवा तपकिरी वॉर्निश भाजून बसवलेलं असतं.

टिनटाइपला निगेटिव्ह नसते. पत्र्यावर कलोडियनचा चिकट थर ओतायचा, तो ओला असताना चांदीच्या द्रावणात बुडवायचा, ओलाच कॅमेऱ्यात घालायचा, आणि वाळायच्या आत हिराकशीच्या द्रावणाने डेव्हलप करायचा. दहा-पंधरा मिनिटांत गिऱ्हाइकाच्या हातात फोटो. उमटतं ते खरं तर फिकट निगेटिव्हच, पण काळ्या पाठीवर असल्यामुळे चांदी उजळ दिसते आणि मोकळी जागा काळी. म्हणूनच टिनटाइपमध्ये शुभ्र पांढरं कधी नसतं, सर्वांत उजळ जागासुद्धा दुधट राखाडी. अमेरिकेत हॅमिल्टन स्मिथ याने १८५६ मध्ये याचं पेटंट घेतलं, आणि तिथल्या यादवी युद्धात सैनिकांनी घरी पाठवलेल्या असंख्य फोटोंत हे पत्रे होते, कारण ते टपालात फुटत नसत.

दुसरी खूण म्हणजे चित्र आरशातल्यासारखं उलटं असतं. मधे निगेटिव्ह नसल्याने डाव्याचं उजवं ते तसंच राहतं. त्या दाढीवाल्या माणसाच्या कोटाची उजवी बाजू डावीवर आलेली दिसते, बायकांच्या कपड्यात असते तशी. आपल्याकडच्या फोटोत हीच गोष्ट जानव्यावरून चटकन कळेल. जानवं डाव्या खांद्यावरून उजव्या कुशीकडे जातं. ते उजव्या खांद्यावर दिसलं तर माणूस श्राद्धाला बसलाय असं समजण्याआधी तो पत्रा आहे का ते बघावं. मात्र मराठी घरांच्या अल्बमात टिनटाइप क्वचितच निघतो. आपल्या स्टुडिओंचं काम मुख्यतः कागदावरचं. चकचकीत काळपट तुकडा सापडला आणि चुंबकाने ओढला नाही, तर तो काचेवरचा अँब्रोटाइप असू शकतो. आणि तिरका केल्यावर आरशासारखा चमकून चित्र उलटंपालटं दिसणारा चांदीचा पत्रा असेल तर तो डॅगेरोटाइप, तो लगेच जाणकाराकडे न्यावा.

मग नगरच्या घरात अमेरिकेचे पत्रे कसे? उत्तर त्या शहराच्या इतिहासात आहे. अमेरिकन मराठी मिशनचं नगरमधलं काम १८३१ पासूनचं. मिशनरी घरं आणि त्यांचे अमेरिकेतले आप्त यांच्यात पत्रं आणि फोटो येत-जात असणार, आणि एखाद्या पाळकाच्या घरात दोन तुकडे राहून गेले असतील. तर्कच, पण याला एक पुरावा आहे. मुलीच्या फोटोच्या कागदी चौकटीमागे दोन सेंटांचं अमेरिकी महसुली तिकीट चिकटवलेलं आहे, त्यावर शाईने दोन आद्याक्षरं. युद्धाचा खर्च भागवायला अमेरिकी सरकारने फोटोंवर कर बसवला होता. १ सप्टेंबर १८६४ ते १ ऑगस्ट १८६६ एवढाच काळ तो चालला. किंमत पंचवीस सेंटांच्या आत असेल तर दोन सेंटांपर्यंतचं तिकीट, आणि फोटोग्राफरने ते सही करून रद्द करायचं. म्हणजे संपूर्ण अल्बममध्ये दोन वर्षांच्या आत तारीख बसते ती या परक्या मुलीची, जिचं नावही कुणाला माहीत नाही.

मधल्या पानांत एक फोटो असा होता की तो सगळ्यांना नवा वाटला. नऊवारीतली प्रौढ बाई, हातात बायबल, जाड करड्या पुठ्ठ्यावर कॅबिनेट आकाराचा, म्हणजे साधारण सव्वाचार बाय साडेसहा इंच. पांढरं पांढरंच, काळं ऑलिव्हची किंचित झाक असलेलं काळं, पृष्ठभाग मंद. “ही माझी पणजी, पण फोटो स्वातंत्र्यानंतरचा असावा, बघ ना किती कोरा आहे,” असं मैत्रीण म्हणाली. भिंगातून कागदाचे तंतू दिसेनात. तंतू झाकणारा पांढरा लेप, बॅराइटा, अल्ब्युमेनमध्ये नसतो, नंतरच्या कागदांत असतो. लेप, मंद पोत, न विटलेले उजळ भाग आणि त्या बाईच्या बाहीवर घासल्याची एक बारीक चकाकती रेघ, यांवरून हा मॅट कलोडियन असावा. १८९० च्या दशकात आलेला आणि १९१० च्या सुमारास मागे पडलेला हा कागद सोनं आणि प्लॅटिनम दोन्हींनी टोन करत. प्लॅटिनम चांदीला सांभाळतं, म्हणून शंभर वर्षांनीही तो ताजा दिसतो. कलोडियन मात्र फार लवकर ओरखडतो. अल्बममधला सर्वांत टवटवीत फोटो सर्वांत नवा असेलच असं नाही, हे मला या पद्धतीने शिकवलं.

आणखी सहा फोटो राहिले. तपकिरी, चकचकीत, तंतू न दिसणारे. हे जिलेटिनचे की चकचकीत कलोडियनचे, ते घरी बसून खात्रीने सांगता येत नाही. कलोडियनवर कधी कधी इंद्रधनुषी झळाळी येते, पण नेहमी नाही. कडेला पाण्याचा सूक्ष्म थेंब ठेवून जिलेटिन फुगतंय का ते बघण्याची एक परीक्षा आहे. ती संवर्धन करणाऱ्यानेच करायची, कारण थेंबाचा डाग कायम राहू शकतो. याच कारणाने ओलं फडकं, खोडरबर, आणि फोटो पुठ्ठ्यावरून सोडवायचा मोह, तिन्ही टाळायचे. पुठ्ठा सोडवला तर फोटोबरोबर त्याची निम्मी ओळखही जाते.

मैत्रिणीने प्रत्येक फोटोसाठी वेगळा कागद केला आणि त्यावर दोन रकाने आखले, एकात माणसाची तारीख, दुसऱ्यात कागदाची. त्या सहांच्या दुसऱ्या रकान्यात ‘१८८५ ते १९१५, प्रकार ठरलेला नाही’ असं पेन्सिलीने लिहिलं आहे. पुढच्या खेपेला मुंबईला गेली की छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या संवर्धन विभागात विचारून येणार आहे. मामांनी भिंतीवरची तसबीर पुन्हा टांगली आणि हार घातला.